वांग का येतात, आणि परत का येतात?

बाही जरा वर सारून दंडाची आतली, काखेजवळची बाजू पाहा. आईवडिलांकडून मिळालेला तुमचा मूळ रंग साधारण तोच. चेहरा आणि हाताची पाठ त्याहून सावळी दिसते, कारण तिथे ऊन लागलेले असते आणि वयही लिहिलेले असते.

हा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्याचा. ते तयार करणाऱ्या रंगपेशी त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी बसलेल्या असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती रंग बनवतात, रंगाचे कण केवढे असतात आणि ते शेजारच्या पेशींना कसे वाटले जातात यामुळे. ऊन आणि संप्रेरके या दोघांच्या सांगण्यावरून या पेशी काम वाढवतात. वयात येताना स्तनाग्रे आणि जननेंद्रियांभोवतीची त्वचा गडद होते, ती संप्रेरकांमुळेच.

त्याच वयात काही मुलामुलींची मान काळवंडते, त्वचा मखमलीसारखी जाड लागते. आई ती दगडाने घासते. तो मळ नसतो. बहुधा रक्तात इन्शुलिन वाढल्याची ती खूण असते. घासल्याने ती आणखी काळी होते, वजन उतरले की फिकट होते.

आज मला बोलायचे आहे ते मुख्यतः वांगांबद्दल. माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकीकत सांगतो. पाचव्या महिन्यात त्यांच्या बेंबीखाली एक काळी रेघ उमटली आणि दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर तपकिरी डाग आले. गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि रंगपेशींना चेतवणारे संप्रेरक, तिन्ही वाढतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांत रेघ गेली, वांग फिके झाले. बाईंना वाटले, संपले.

पण एकदा चेतवलेल्या रंगपेशी थोड्याशा उन्हानेही पुन्हा कामाला लागतात. दुसऱ्या उन्हाळ्यात, रोज स्कूटरवरून जाता-येता, डाग परत आले. गर्भनिरोधक गोळ्यांनीही काहींना असेच होते. शेजारणीने एक मलम दिले. काही आठवड्यांत चेहरा उजळला, म्हणून त्या ते महिनोन्महिने लावत राहिल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा गाल लालबुंद होते, बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या, हनुवटीवर लव आणि पुळ्या होत्या. मलम एक दिवस चुकले तरी आग व्हायची. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड घातलेले तीन औषधांचे मिश्रण होते.

हे मिश्रण मूळचे वाईट नव्हे. हायड्रोक्विनोन रंग बनण्याची क्रिया अडवते, ट्रेटिनॉइन वरचा थर लवकर झडवते, स्टेरॉइड दाह शमवते. असे तिन्हींचे मिश्रण त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन यांनी 1975 मध्ये मांडले. नजरेखाली, थोडे आठवडे वापरले तर उपयोगी पडते. गरोदरपणी मात्र ते लावायचे नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते महिनोन्महिने चोळले की स्टेरॉइड त्वचा पातळ करते आणि हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे चालले तर उलट निळसर काळे डाग पाडते. ते डाग घालवणे फार कठीण. अशा मलमांच्या चिठ्ठीवाचून होणाऱ्या विक्रीचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात गोरेपणाची हाव विकली जाते आणि आजार वाढतो.

बाईंचे स्टेरॉइड आम्ही हळूहळू बंद केले. चेहऱ्याला आधी विसावा दिला. मग रोजचे सनस्क्रीन. इथे एक गोष्ट नीट ऐका. खिडकीच्या काचेतून उन्हातले यूव्हीए किरण आत येतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो. साध्या पांढऱ्या सनस्क्रीनने तो फारसा अडत नाही. लोह-ऑक्साइड घातलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन तो अडवते. चेहऱ्याला आणि मानेला तर्जनी व मधल्या बोटावर लांब ओढलेल्या दोन रेघांएवढे लागते, आणि बाहेर असलात तर दर दोन तासांनी पुन्हा. बहुतेक जण याच्या निम्मेही लावत नाहीत. वर ओढणी, टोपी हवीच. काही महिन्यांनी बाईंचे वांग बरेच फिकट झाले. पुरते गेले नाहीत, आणि जातील असे मी त्यांना सांगितलेही नव्हते. खोलवर उतरलेला रंग सावकाश निघतो.

वय वाढले की चित्र पालटते. रंगपेशी दर दशकाला कमी होत जातात, म्हणून म्हातारपणी झाकलेली त्वचा फिकट होते. उन्हात राहिलेल्या भागात मात्र उरलेल्या पेशी मोठ्या होऊन विखुरलेले ठिपके टाकतात. हाताच्या पाठीवरचे हे चपटे, एकसारख्या रंगाचे ठिपके निरुपद्रवी असतात. पण ज्याची कड वेडीवाकडी आहे, ज्यात दोन-तीन रंग मिसळले आहेत किंवा जो वाढतो आहे, तो डाग डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे रंगपेशींचा कर्करोग कमी दिसतो, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. म्हणून आंघोळीनंतर पाय पुसताना तळवेही पाहत जा.