तोट्यातला कोणता शेअर विकायचा?

मागच्या मार्चमध्ये मी सावेडीला घरी आलो होतो, तेव्हा संगमनेरचा एक मित्र मोबाईल पुढे करून म्हणाला, "भाऊ, दोन शेअर लाल दिसतायत. विकून टाकू का? टॅक्स वाचेल म्हणतात."

मी म्हटलं, थांब, आधी हिशोब मांडू. वर्षभरात त्यानं काही शेअर बारा महिन्यांच्या आत विकून 60,000 रुपये कमावले होते. हा शॉर्ट टर्म नफा, त्यावर 20 टक्के टॅक्स. जुने शेअर विकून 90,000 चा लाँग टर्म नफा होता. त्यावर 12.5 टक्के लागतो, पण वर्षाला सव्वा लाखापर्यंत काहीच नाही. म्हणजे या 90,000 वर टॅक्स शून्य. 60,000 वर मात्र 12,000, आणि सेस धरून 12,480.

आता लाल शेअर. एक आठ महिन्यांपूर्वी घेतलेला, 45,000 तोट्यात. दुसरा तीन वर्षं जुना, 40,000 तोट्यात. त्याला जुना विकायचा होता, "कंटाळा आलाय त्याचा" म्हणून. पण लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातूनच वजा होतो. तो त्या 90,000 मधून गेला असता, जिथं मुळात टॅक्सच नव्हता. तोटा फुकट गेला असता राव! शॉर्ट टर्म तोटा मात्र दोन्हीकडे चालतो. म्हणून आठ महिन्यांचा विकला. उरले 15,000, टॅक्स 3,120. वाचले 9,360.

म्हणून तोट्यातल्या शेअरला वर्ष पूर्ण होत आलं असेल तर तारीख बघा. बारा महिने उलटले की तोच तोटा लाँग टर्म होतो आणि त्याचा उपयोग कमी होतो.

त्याला तो शेअर परत हवा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी घेतला. त्याच दिवशी घेतला असता तर व्यवहार इंट्राडे धरला गेला असता, आणि हा तोटा मिळालाच नसता. अर्थात नवीन खरेदी भाव कमी, त्यामुळे पुढे नफा जास्त दिसणार. टॅक्सचा काही भाग नुसता पुढे ढकलला जातो.

आता माझी फजिती. एका कंपनीचे 50 शेअर मी 200 ला घेतले होते, नंतर आणखी 50, 520 ला. भाव 300. ॲपवर सरासरी 360 दिसत होती, म्हणून 50 विकले, तोटा झाला असं समजून. पण डिमॅटमध्ये आधी घेतलेले आधी जातात. गेले ते 200 वाले! 3,000 तोट्याऐवजी 5,000 नफा नोंदला गेला. तेव्हापासून विकण्याआधी मी सरासरी बघतच नाही, ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमध्ये प्रत्येक खरेदीची तारीख आणि भाव बघतो.

आणि तोटा उरलाच, तर रिटर्न मुदतीत भरा. मग तो पुढची आठ वर्षं वापरता येतो. मुदत चुकली तर नाही. मित्रानं जुना शेअर अजून ठेवलाय, शिव्या देत देत.