सारखे, जणू आणि नव्हे

माझी एक भाची आहे, दहावीत शिकणारी. गेल्या पावसाळ्यात ती चाचणीचा पेपर घेऊन माझ्याकडे आली. ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नात तिचे दोन गुण गेले होते. पेपर माझ्यासमोर टाकून ती म्हणाली, “मामू, तुम्ही कविता करता ना? मग सांगा, माझं काय चुकलं?”

पहिले वाक्य होते, ‘पाऊस सारखा पडतो, अंगण भरून जाते.’ हिने लिहिले होते, उपमा. का? तर ‘सारखा’ शब्द आहे म्हणून. दुसरे वाक्य होते, ‘मला वाटे की आता निघावे, खाडीला भरती आली.’ हिने लिहिले, उत्प्रेक्षा. कारण त्यात ‘वाटे’ही होते आणि ‘की’ही होते. दोन्ही वाक्यांत मुळात अलंकारच नव्हता. पेपर काढणाऱ्याने ती मुद्दाम घातली होती आणि ‘साधे विधान’ असे उत्तर अपेक्षिले होते.

भाचीने मग वही उघडून दाखवली. वहीत दोन याद्या होत्या. सम, समान, सारखे, प्रमाणे, वाणी, परी हे शब्द दिसले की उपमा. जणू, गमे, भासे, वाटे, की हे दिसले की उत्प्रेक्षा. याद्या खोट्या नाहीत, पण अपुऱ्या आहेत. मराठीत ‘सारखा’ म्हणजे ‘सतत’ असाही अर्थ होतो. मूल सारखे रडते, तेव्हा ते कशासारखे रडते असे आपण विचारत नाही. ‘परी’ म्हणजे ‘प्रमाणे’, तसे ‘परी’ म्हणजे ‘परंतु’ही. ‘वाटे’ हे रोजच्या बोलण्यातले क्रियापद आहे आणि ‘की’ तर दोन वाक्ये जोडणारा साधा शब्द. शब्द पाहून अलंकार ओळखणे म्हणजे टोपी पाहून माणूस ओळखणे. कधी जमते, कधी फसते.

मग ओळखायचे कसे? मी भाचीला म्हटले, आधी दोन प्रश्न विचार. कवी खरोखर कशाविषयी बोलतो आहे? ते उपमेय. आणि त्यासाठी त्याने बाहेरून काय आणले आहे? ते उपमान. ‘पाऊस सारखा पडतो’ यात पाऊस आहे, पण बाहेरून आणलेले काहीच नाही. उपमान नाही, म्हणजे उपमाही नाही. इथेच प्रश्न संपला.

आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. ‘माझा भाऊ वडिलांसारखा उंच आहे’ यात दोघे आहेत, ‘सारखा’ आहे, उंचीही आहे. तरी ही उपमा नव्हे, ती माहिती झाली. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त साधर्म्याबरोबर भेदाचीही अट घातली आहे. दोन गोष्टी मुळात वेगळ्या हव्यात आणि त्यांच्यातले साम्य दाखवताना काही चमत्कृती हवी. माणसाची उंची माणसाच्या उंचीशी मोजली, तर ते फूटपट्टीचे काम झाले.

उपमेय आणि उपमान सापडले की तिसरा प्रश्न येतो, आणि तोच खरा. कवीने या दोघांत किती अंतर ठेवले आहे? आमचे घर खाडीकाठचे, म्हणून मी शिडाचे उदाहरण घेतले. शीड हे उपमेय, बगळ्याचा पंख हे उपमान. आता हेच दोघे चार वेगवेगळ्या नात्यांत पाहा.

‘शीड बगळ्याच्या पंखासारखे पांढरे आहे.’ शीड हे शीडच आहे, पंख हा पंखच आहे. पांढरेपणा तेवढा दोघांत समान आहे. दोन माणसे शेजारी उभी आहेत, पण प्रत्येकाची जागा वेगळी आहे. ही उपमा. इंग्रजीच्या पुस्तकात हिलाच सिमिली म्हणतात.

‘शीड म्हणजे जणू बगळ्याचा पंखच!’ इथे कवी एक पाऊल पुढे सरकला. हा पंखच असावा, अशी कल्पना त्याने केली. ‘जणू’ म्हणताना आपण कल्पना करतो आहोत, हे त्याला ठाऊक आहे. ही उत्प्रेक्षा.

‘शिडाचा पंख पसरून होडी निघाली.’ आता ‘सारखे’ गेले, ‘जणू’ही गेले. शीड आणि पंख यांत अंतरच उरले नाही. दोघांची नावे मात्र वाक्यात आहेत. हे रूपक, म्हणजे मेटॅफर.

‘हे शीड नव्हे, हा बगळ्याचा पंख आहे.’ इथे उपमेय सरळ नाकारले आणि त्याच्या जागी उपमान बसवले. ही अपन्हुती. रूपक आणि अपन्हुती यांत गोंधळ झाला तर नकार शोधावा. रूपकात उपमेयाला कोणी हाकलत नाही, अपन्हुतीत त्याला दार दाखवले जाते.

भाची सेमी-इंग्रजीत शिकते. तिने विचारले, “मग उत्प्रेक्षेला इंग्रजीत काय म्हणतात?” शाळेच्या इंग्रजीत त्यासाठी वेगळा कप्पा नाही. ‘जणू काही’ अशा अर्थाची रचना तिथे बहुधा सिमिलीतच जाते. म्हणून मराठीच्या पेपरात उत्प्रेक्षेला उपमा म्हणणारी मुले निष्काळजी असतातच असे नाही. पुष्कळदा ती एका भाषेतले कप्पे दुसऱ्या भाषेत घेऊन आलेली असतात. उर्दू-फारसीत आणखी तिसरी मांडणी आहे. तश्बीह म्हणजे उपमा आणि इस्तिआरा म्हणजे रूपक, असे आपण सहज म्हणतो. पण तिथल्या जुन्या शास्त्राप्रमाणे ‘तो सिंह आहे’ हे वाक्य तश्बीहमध्येच मोडते. इस्तिआरा व्हायला ‘तो’ बाहेर जावा लागतो आणि एकटा सिंह उरावा लागतो. आपल्याकडे ‘पाण्यावरून एक पंख चालला’ असे म्हणून शिडाचे नावच घेतले नाही, तर त्याला अतिशयोक्तीच्या घरात जागा मिळते. वस्तू तीच असते, कप्पे त्या त्या शास्त्राचे असतात. परीक्षेत ज्या भाषेचा पेपर, त्या भाषेचे कप्पे वापरावेत.

आता सर्वांत फसवी जागा पाहू. ‘पाऊस पत्र्यावर जणू तांदूळ पाखडतो आहे.’ इथे उपमेय कोणते? भाची म्हणाली, “पाऊस.” आणि उपमान? ती म्हणाली, “तांदूळ.” पण पाऊस तांदळासारखा आहे असे हे वाक्य म्हणत नाही. पत्र्यावर थेंब पडण्याची जी क्रिया चालली आहे, ती पाखडण्याची क्रिया असावी अशी ही कल्पना आहे. वस्तूवर वस्तू नव्हे, क्रियेवर क्रिया ठेवलेली आहे. म्हणून ही उत्प्रेक्षा.

हा गोंधळ आजचा नाही. ‘मृच्छकटिक’ नाटकात अंधाराचे वर्णन करणारा एक प्रसिद्ध श्लोक आहे. अंधार जणू अंगांना लेप लावतो आहे, असा त्याच्या आरंभाचा आशय. त्यात ‘इव’ हा शब्द आहे आणि संस्कृतात ‘इव’ म्हणजे ‘प्रमाणे’ही आणि ‘जणू’ही. काही लोक ‘इव’ पाहून त्याला उपमा म्हणत. दंडीने ‘काव्यादर्शा’त हा वाद घेतला आणि सांगितले, की ‘इव’ शब्दाने लोक फसले आहेत. लेप लावणे ही क्रिया आहे आणि क्रियापद हे उपमान होऊ शकत नाही. म्हणून ही उत्प्रेक्षाच. दंडीला होऊन बाराशेहून अधिक वर्षे झाली. मी भाचीला म्हटले, तुझी चूक चांगली खानदानी आहे! ती तेव्हा पहिल्यांदा हसली.

पण नाव ओळखून पुढे काय? ‘ओळींतील काव्यसौंदर्य स्पष्ट करा’ या प्रश्नाला मुले एकच वाक्य लिहितात, ‘येथे उपमा अलंकार वापरल्यामुळे कवितेला सौंदर्य प्राप्त झाले आहे.’ हे वाक्य कुठल्याही कवितेखाली चालते, म्हणून ते कुठल्याच कवितेविषयी काही सांगत नाही. कवीने एवढेच अंतर का ठेवले, हे उत्तरात यायला हवे. यासाठी माझीच एक गोष्ट सांगतो.

माझे अब्बा तांडेल होते. ते गेल्यावर मी एक कविता लिहिली. तिच्यात ‘घर रिकाम्या होडीसारखे डोलते’ अशी ओळ होती. एका जाणत्या मित्राने वाचून सांगितले, “‘सारखे’ने ओळ ढिली पडते. सरळ रूपक कर.” मी केले. घर राहिले नाही, रिकामी होडीच झाली. ओळ आटोपशीर झाली, मलाही आवडली. घरी अम्मीला वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “रिकामी कशी रे? आपण बसलोय ना आत.”

मी ‘सारखे’ परत घातले. अम्मी शाळेत गेलेली नव्हती, पण उपमा आणि रूपक यांतला फरक तिला बरोबर कळला होता. रूपकाने आमचे घर बुडवले होते. उपमेत घर घरच राहिले आणि त्याला रिकाम्या होडीचे डोलणे तेवढे मिळाले. आम्ही आत होतो, आणि तरी घर डोलत होते. दुःख त्या दोन्हींच्या मधल्या जागेत होते.

आता या ओळीवर प्रश्न आला, तर उत्तर कसे असावे? घर हे उपमेय, रिकामी होडी हे उपमान, डोलणे हा साधारण धर्म, ‘सारखे’ हा साम्यवाचक शब्द, म्हणून उपमा. एवढ्याने ओळखण्याचे गुण मिळतील. पुढे लिहावे, ‘कर्ता माणूस गेल्याने घराचा आधार सुटला आहे, ते होडीच्या डोलण्यातून कळते. पण कवी घराला होडी म्हणत नाही, होडीसारखे म्हणतो. कारण घर अजून उभे आहे, त्यात माणसे आहेत.’ ही तीन वाक्ये दुसऱ्या कुठल्या कवितेखाली चिकटवता येणार नाहीत. उत्तर खरे आहे की नाही, हे तपासायची हीच सोपी कसोटी.

काही ओळींत एकाहून अधिक अलंकार असतात, हेही मान्य केले पाहिजे. ‘ढग म्हाताऱ्यासारखा खोकत डोंगर चढतो’ यात ‘सारखा’ने आलेली उपमा आहे, आणि निर्जीव ढगाला माणसाचे वागणे दिल्याने चेतनगुणोक्तीही आहे. एकच नाव मागायचे असेल तर अशी ओळ पेपरात घालू नये. घातलीच, तर कारणासह लिहिलेली दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत, असे मला वाटते.

भाचीने दोन्ही याद्यांवर काट मारली नाही. मीच नको म्हटले, शब्द पाठ असलेले बरे. तिने फक्त याद्यांच्या वर एक ओळ लिहिली, ‘आधी दोघे शोधायचे, मग त्यांच्यातले अंतर.’ जाताना दारात थांबून म्हणाली, “मामू, पाऊस सारखा पडतोय.” मी विचारले, “कशासारखा?” ती म्हणाली, “कशासारखाच नाही. छत्री द्या.”