राहिलेली दुपारची गोळी

माझ्या वहिनीच्या दाढेत पू झाला होता. दंतवैद्यांनी ऍमॉक्सिसिलिन पाचशे मिलिग्रॅम लिहून दिलं, चिठ्ठीवर १-१-१, पाच दिवस. वहिनी शाळेत शिकवते. तिसऱ्या दिवशी कॅप्सूलची पट्टी घरीच विसरली आणि दुपारची कॅप्सूल राहिली. रात्री साडेनऊला तिने दोन कॅप्सूल एकदम घेतल्या आणि मला फोनवर सांगितलं, "भावोजी, हिशेब पुरा केला बघा."

आज मी बोलणार आहे तो याच हिशेबाबद्दल. औषध म्हणजे उधारी नव्हे, पण आपण ते तसंच मोजतो.

ऍमॉक्सिसिलिन पोटात गेलं की तास-दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. मग मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात आणि साधारण दर तासाला ते निम्मं होत जातं. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं करत गेलं तर सहा तासांनी चौसष्टावा भाग उरतो. म्हणून तर पुढची कॅप्सूल आठ तासांनी असते. आता कोणी दोन कॅप्सूल घेतल्या, तर सुरुवातीचं प्रमाण दुप्पट होईल. पण दुप्पट एका तासात निम्म्यावर, म्हणजे एका कॅप्सूलइतकंच येतं. त्यामुळे जास्तीच्या कॅप्सूलने मिळाला फार तर एक तास. दुपारी रिकामे गेलेले तास तिने भरून निघत नाहीत, कारण ते तास होऊन गेलेले असतात.

हे औषध जंतूंच्या भिंतीचं बांधकाम रोखतं. जंतू भिंत बांधत असताना ते हजर असलं पाहिजे. प्रमाण एका किमान पातळीच्या वर असलं की पुरे. त्याहून कितीही वर नेलं तरी जंतू फारसे लवकर मरत नाहीत, पातळीखाली गेलं की मात्र उरलेले पुन्हा वाढू लागतात. पेनिसिलिनच्या घराण्याचा हा स्वभाव पहिल्या रुग्णापासून दिसला आहे. १९४१च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला दर तीन तासांनी पेनिसिलिन टोचत होते. औषध इतक्या वेगाने लघवीतून निघून जाई, की डॉक्टर लघवीतून ते काढून पुन्हा वापरत. तो सुधारत होता. पण साठा संपला, आजार उलटला आणि मार्चमध्ये तो गेला. त्याची आठवण आली की मला आजही वाईट वाटतं.

मग वहिनीने काय करायला हवं होतं? आम्ही औषधवाले एक ढोबळ नियम सांगतो: दोन डोसांमधलं अंतर बघा. निम्म्याहून कमी वेळ गेला असेल तर आठवताक्षणी घ्या, पुढचा डोस ठरल्या वेळी. निम्म्याहून जास्त गेला असेल तर राहिलेला सोडा आणि पुढचा एकच घ्या. दिवसातून तीनदाच्या औषधाला हे निम्मं म्हणजे चार तास, दोनदाच्या औषधाला सहा. दुपारी दोनची कॅप्सूल पाचला आठवली तर लगेच घ्यायची आणि रात्रीची दहालाच. रात्री आठला आठवली तर ती गेली, दहाला एकच. दोन एकदम घेतल्याने मळमळ आणि जुलाब मात्र वाढू शकतात, विशेषतः ऍमॉक्सिसिलिनच्या '६२५'च्या गोळीने, कारण तिच्यातलं क्लॅव्ह्युलॅनिक ऍसिड आतड्याला त्रास देतं.

वहिनीची खरी चूक मला वेळापत्रकात सापडली. ती जेवणावर मोजत होती: सकाळी नऊ, दुपारी दोन, रात्री साडेनऊ. रात्रीनंतर साडेअकरा तास कोरडे. चिठ्ठीवरच्या १-१-१चा अर्थ इथे नाश्ता, जेवण, जेवण असा घेऊ नका. दर आठ तासांनी असा घ्या. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा बसवा. यासाठी झोपमोड नको, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे चालतो. १-०-१ असेल तर सकाळी आठ आणि रात्री आठ. ऍझिथ्रोमायसिनसारखं औषध शरीरात दिवसचे दिवस टिकतं, म्हणून ते दिवसातून एकदा. तिथेही दुप्पट करायचं नाहीच.

हा नियम एखादा डोस चुकला तर आहे. अख्खा दिवस औषध चुकलं, ताप परत आला, मूत्रपिंडाचा आजार आहे, किंवा औषध क्षयरोगाचं आहे, तर डॉक्टरांनाच विचारा.

वहिनीने दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर तीन गजर लावले. शाळेतला दोनचा गजर वाजला की तिच्या वर्गातली पोरंच ओरडायची, "बाई, गोळी!"