कार्ल्याचे लेणे : कोरणारे हात आणि दान देणारे हात

प्राचीन काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल बोरघाट चढून देशावर येत असे. घाट चढून आल्यावर वाटेच्या आसपास कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी लागतात. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम होता. त्यांना निवांत निवारा हवा होता, पण भिक्षा मिळेल इतकी वस्ती आणि रहदारीही जवळ हवी होती. डोंगराच्या कड्याने या दोन्ही गरजा भागवल्या.

कार्ल्याचे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकातले. लांबी सुमारे ३७ मीटर, आत ३७ खांब, आणि सारे एकाच बसाल्ट खडकातले. बांधकाम पायापासून वर चढते. लेणे मात्र छतापासून खाली उतरते. आधी कड्याचा दर्शनी भाग तासून सपाट करीत. मग उंचावरून आत शिरून छत पुरे करीत आणि पायाखालचा खडक फोडत खाली येत. त्यामुळे छतासाठी उंच परांची बांधावी लागत नसे. खांबांच्या जागचा खडक तसाच राखून ठेवावा लागे, कारण चुकून तुटलेला भाग पुन्हा जोडता येत नसे. अजिंठ्याच्या अपुऱ्या लेण्यांत या कामाचे टप्पे आजही दिसतात.

एवढ्या कामाचा खर्च कोणी केला, हे भिंतींवरचे ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख सांगतात. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केल्याचा लेख कार्ल्याला आहे. तरीही सारा भार एकट्यावर नव्हता. अनेक खांबांवर वेगवेगळ्या दात्यांची नावे आहेत आणि त्यांत धेनुकाकट गावचे यवनही आहेत. तिथल्याच एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे आणि एका सुताराचे दान दरवाजाशी नोंदलेले आहे. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाने दिला.

लेणे कोरून झाले, तरी भिक्षूंच्या निर्वाहाचा प्रश्न उरत असे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या भिक्षूंसाठी करजिक गाव दिले. नाशिकच्या लेण्यातल्या त्याच्या लेखात तर ठेवीचा पूर्ण हिशेब आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज २४० झाले. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत. मुद्दल परत घ्यायचे नव्हते. खर्च फक्त व्याजातून व्हायचा. व्यापारी वाटेवरचा पैसा अशा रीतीने कारागिरांच्या श्रेणीत फिरता राही आणि त्याच्या व्याजावर भिक्षूंच्या वस्त्राची सोय होत असे.