टक्क्यांचा छेद

आपापल्या कामाबद्दल पाच मिनिटे बोलायचे ठरले आहे. मी सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो. आमच्या धंद्यात वरिष्ठांना दर महिन्याला टक्के दाखवावे लागतात. ते कसे फसवतात, एवढेच सांगतो.

पहिला आकडा निसटलेल्या दोषांचा. एकूण सापडलेल्या दोषांपैकी किती आमच्या हातून सुटून ग्राहकाला सापडले, त्याची ही टक्केवारी. समजा, जुन्या आवृत्तीत आम्हाला ९० दोष सापडले आणि पहिल्या तीन महिन्यांत ग्राहकाला १०. म्हणजे शंभरात दहा, १० टक्के. नव्या आवृत्तीत आम्हाला २४ सापडले, ग्राहकाला तेवढ्याच काळात ६. तीसात सहा, म्हणजे २० टक्के! साहेब म्हणतात, तपासणी निम्म्याने ढासळली. पण ग्राहकाचा त्रास तर दहावरून सहावर आला. कदाचित प्रोग्रामच मुळात स्वच्छ लिहिला असेल, म्हणून आम्हाला कमी सापडले. कदाचित आम्ही खरोखरच ढिलाई केली असेल. टक्का दोन्हीतला फरक सांगत नाही. उलट, ओरडा बसला की तपासणारे बटणाचा रंग, शब्दाची वेलांटी असले किरकोळ दोष भराभर नोंदवतात. छेद फुगतो, टक्का उतरतो, ग्राहकाचे दुखणे तसेच राहते.

दुसरा आकडा उत्तीर्ण चाचण्यांचा. २०० चाचण्यांपैकी १८० पास, म्हणजे ९० टक्के. पुढच्या आठवड्यात १०० सोप्या चाचण्या वाढवल्या, त्या सगळ्या पास झाल्या. ३०० पैकी २८०, म्हणजे ९३ टक्क्यांवर. आलेख चढला, पण नापास वीस तेच आहेत! त्यातल्या दहा 'सध्या वगळा' म्हणून बाजूला ठेवल्या, की २९० पैकी २८०, साडेशहाण्णव टक्के. कच्च्या मुलांना परीक्षेलाच बसू दिले नाही, तर वर्गाचा निकाल वाढतो, हे इथल्या गुरुजनांना मी काय सांगावे?

म्हणून टक्का दिसला की आधी छेद विचारावा. किती चाचण्या चालवल्या, किती वगळल्या आणि का? नापास कोणत्या, आणि त्याच किती आठवडे नापास आहेत? पैसे भरण्याची एक चाचणी नापास असेल, तर उरलेल्या दोनशे पास असूनही आवृत्ती बाहेर जाऊ नये. निसटलेले दोष गंभीरतेप्रमाणे वेगळे मोजावेत आणि दोन्ही आवृत्त्यांना सारखाच कालावधी द्यावा. सहा महिने वापरात असलेल्या आवृत्तीशेजारी महिन्याभराची आवृत्ती ठेवली, तर नवी चांगलीच दिसणार. तिचे दोष अजून बाहेर यायचे असतात.

व्यवहारी अपूर्णांक शिकवताना गणिताच्या तासाला अंशाबरोबर छेदही बघायला लावत, तेवढेच आमच्या बैठकीत करायचे असते.