माप छत्तीसचं, अंग अठ्ठेचाळीसचं

आमच्या बचत गटात शिवणकाम करणाऱ्या नऊ जणी आहेत. कुर्ती शिवायला टाकायला येणारी प्रत्येक दुसरी बाई एकच तक्रार घेऊन येते. "ताई, तीन एक्सएल घेतला, तरी दंडात घट्ट होतो आणि खांद्यावरून घसरतो. आता चार एक्सएल घेऊ की दोन?" आज या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. कारण चार घेतला तर खांदा आणखी घसरणार, आणि दोन घेतला तर बाही हातातच शिरणार नाही. एकच कपडा एका जागी मोठा आणि दुसऱ्या जागी लहान कसा होतो, ते आधी समजून घेऊ.

तयार कपड्यांचे मोठे नंबर बहुतेक वेळा मुळापासून बनवलेले नसतात. कारखान्यात एका मधल्या मापाचा कागद चांगला बसवून घेतात, समजा छाती 36. मग त्याच्या प्रत्येक कडेला ठरावीक वाढ देत पुढचे नंबर काढतात, 38, 40, 42. याला ग्रेडिंग म्हणतात. दोन-तीन नंबरांपर्यंत हे ठीक चालतं. पण तीच वाढ तशीच पुढे रेटत 48 पर्यंत नेली, की गडबड होते. कारण बाईचं अंग भरतं ते सगळीकडे सारखं भरत नाही. खांद्याचं हाड, मानेचा मणका, पाठीची रुंदी यात फार थोडा फरक पडतो. भर पडते ती छातीवर, पोटावर, दंडावर आणि मांड्यांवर. कागदाला मात्र हाड कुठलं आणि मांस कुठलं हे कळत नाही. तो सगळीकडे सारखाच वाढतो.

आता एक खरं माप घेऊन बघू. आमच्या गटातल्या एका काकूंनी बाजारातून आणलेली कुर्ती आम्ही टेबलावर पसरली आणि टेप लावला. शेजारी काकूंचं माप लिहिलं. दुकानाचं नाव सांगत नाही, आणि हा काही एकाच दुकानाचा दोष नाही.

काकूंची छाती 48 आणि कुर्तीचा छातीचा घेर 51. म्हणजे 3 इंचांची सैल जागा होती, घेर अगदी योग्य. खांदा बघा. काकूंचा खांदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 15½ इंच, आणि कुर्तीचा 17. छत्तीसच्या मापाला 14 धरलेला खांदा दर नंबराला अर्धा-अर्धा इंच वाढत सहा नंबरांत 3 इंचांनी वाढला होता. त्यामुळे बाहीची शिलाई खांद्यावर न राहता दंडावर उतरली होती. गळाही तसाच पसरलेला, म्हणून सारखी पट्टी आत ढकलावी लागायची.

उलट बाही. काकूंचा दंडघेर 16 इंच आणि कुर्तीची बाहीही दंडाशी बरोबर 16. कापूस ताणला जात नाही, तेव्हा हात घालायला जागाच नाही. खांद्याला जी अर्धा इंचाची वाढ मिळाली, तीच बाहीला मिळाली. खरं तर खांद्याला पाव इंचही खूप झाला असता आणि बाहीला पाऊण ते एक इंच लागला असता. हाडाला दिलं जास्त आणि मांसाला कमी, एवढीच ती चूक.

पण सगळ्यात मोठी गोम छातीत होती, आणि ती नुसत्या घेरावरून कधीच कळत नाही. काकूंना उभं करून एका बगलेखालच्या शिलाईच्या जागेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत पुढून मोजलं, तर 26 भरले. मागून 22. बेरीज 48. कुर्ती कापताना मात्र पुढा आणि पाठ सारखी धरली होती, साडेपंचवीस-साडेपंचवीस. म्हणजे पुढे अर्धा इंच कमी आणि मागे साडेतीन इंच जास्त! पाठीवर कापड लोंबतंय आणि छातीवर बटणं ताणली जातायत, असं दिसलं की समजा, घेर चुकलेला नाही, वाटणी चुकलेली आहे. आणखी दोन खुणा सांगते. बाजूची शिलाई सरळ खाली न जाता पोटाकडे ओढली जाते. आणि कुर्तीचा पुढचा काठ मागच्यापेक्षा वर उचललेला दिसतो, कारण भरलेल्या छातीवरून जायला पुढच्या भागाला लांबीही जास्त लागते. ती कुणी दिलेलीच नसते.

आता मुंढा. पुष्कळ क्लासांच्या वहीत कुर्तीच्या मुंढ्याचा हिशेब असतो, छातीचा चौथा भाग वजा दीड इंच. छत्तीसला हे 7½ येतं, उत्तम बसतं. अठ्ठेचाळीसला तोच हिशेब 10½ देतो. काकूंना प्रत्यक्षात 9 पुरत होते. बायकांना वाटतं, मुंढा खोल असला की हात मोकळा राहील. होतं उलट. मुंढा खाली गेला की हात वर करताना सगळी कुर्ती हाताबरोबर वर येते, कारण बाही आणि अंग जिथे जोडलंय ती जागाच खाली गेलेली असते. हात डोक्यावर नेऊन बघा. काठ वीतभर वर आला तर मुंढा खोल आहे. तो वर घ्यायचा आणि बाही रुंद करायची. घट्टपणा दंडात असतो, आपण उगाच मुंढा कापत बसतो.

मग अशा मापाची कुर्ती कापायची कशी? एक माप आपण घेत नाही, ते घ्यायला लागा. बगलेखालून, पण छातीच्या भरीव भागाच्या वरून टेप फिरवायचा. याला आम्ही वरची छाती म्हणतो. काकूंची वरची छाती 45 होती आणि पूर्ण छाती 48. दुसऱ्या एखाद्या बाईची पूर्ण छाती 48 असेल, पण वरची 47½, कारण तिची पाठ रुंद आणि छाती बेताची. तक्त्यात दोघींचा नंबर एकच, पण दोघींना एक कपडा बसणार नाही. खांदा, गळा आणि पाठ वरच्या छातीच्या मापाच्या जवळपास ठेवायची, आणि छातीची जादा जागा फक्त पुढच्या भागात द्यायची.

काकूंसाठी आम्ही खांदा सरळ मोजून 15½ ठेवला, मुंढा 9, पाठ 22 अधिक दीड इंच सैल, म्हणजे 23½. पुढचा भाग 26 अधिक दीड, 27½. पुढच्या भागाचा कागद आधी पाठीएवढाच काढला. म्हणजे घडीवरच्या अर्ध्या कागदात 2 इंच कमी होते. हे 2 इंच बाजूच्या कडेला नुसते जोडले तर कापड बगलेत गोळा होतं. त्यापेक्षा कागदावर छातीच्या उंच टोकाची खूण करा. त्या खुणेपासून खाली काठापर्यंत एक रेघ, खुणेपासून वर मुंढ्यापर्यंत दुसरी, आणि बगलेखालच्या बाजूपासून खुणेपर्यंत तिसरी. रेघांवर कापा, पण मुंढ्याच्या कडेला केसभर कागद जोडलेला ठेवा, म्हणजे तो बिजागरीसारखा फिरेल. आता बाजूचा तुकडा बाहेर सरकवा, छातीच्या खुणेपाशी 2 इंच उघडेपर्यंत, आणि खालची फट काठापर्यंत सारखी ठेवा. बाजूला आपोआप एक व्ही उघडेल. तो व्ही म्हणजेच तुमचा टक्स. बाजूचा काठ आता मधल्यापेक्षा खाली गेलेला दिसेल. मधला भाग तेवढाच खाली वाढवून काठ सरळ करा. पुढच्या भागाला जी लांबी हवी होती ती इथून मिळते. खाली नवा कागद चिकटवा, झालं. टक्सचं टोक छातीच्या खुणेच्या इंचभर अलीकडे थांबवा, नाहीतर टोक निघतं.

पोट नसलेल्या बाईला या पद्धतीत कंबरेतही 2-2 इंच जादा येतात. ते बाजूने किंवा मधल्या टक्समध्ये काढून टाकावे लागतात. काकूंना मात्र ते हवेच होते.

सीटचं माप आपण उभ्याने घेतो आणि कुर्ती घालून बाई बसते, गाडीवर, जमिनीवर, बसमध्ये. काकूंची सीट उभ्याने 50, बसून 53. बसल्यावर कट फाकणं आणि शिलाई उसवणं इथूनच येतं. म्हणून बसवून माप घ्या. बाजूच्या शिलाईत आत दीड इंच दाब ठेवा, तो फुकट जात नाही.

तक्त्यांबद्दल एक सांगते. अमेरिकेत भरलेल्या अंगाच्या बायकांसाठी मापांचा वेगळा तक्ताच आहे, तिथे नंबरापुढे डब्ल्यू लिहितात. तिथला साधा 18 आणि 18 डब्ल्यू एक नव्हे. आपल्याकडे पुष्कळ काळ परदेशी तक्त्यांवरच काम चाललं. भारतीयांच्या मापांचा तक्ता करण्यासाठी निफ्ट या संस्थेने सुमारे 25,000 लोकांची मापं यंत्राने घेण्याचं काम हाती घेतलं. पण कुठलाही तक्ता सरासरीच सांगतो, आणि 44 च्या पुढे दोन बायकांमधला फरक फार वाढतो. म्हणून आमच्या गटात विक्रीसाठी मोठे नंबर शिवताना छत्तीसचा कागद वाढवत नाही. 46 चा कागद एका खऱ्या बाईच्या अंगावर बसवून घेतला आहे, त्यावरून 44 आणि 48 काढतो. पन्नासच्या पुढे गेलो तर पुन्हा नवा कागद. मागणी घेताना फोनवर तीन आकडे विचारतो: वरची छाती, दंडघेर आणि बसून सीट. सुरुवातीला बायका लाजतात, मग स्वतःच टेप धरायला शेजारणीला बोलावतात.

शेवटी पैशाचं. मोठ्या मापाला किती जादा घ्यायचे यावर गटात नेहमी वाद होतो. हिशेब करून बघा. कापडाचा पन्हा 44 इंच असेल तर पुढा आणि पाठ एकाखाली एक कापावी लागते, छत्तीसला सुद्धा आणि अठ्ठेचाळीसला सुद्धा. फरक बाह्यांचा आहे. छत्तीसच्या बाह्या बाजूला उरलेल्या पट्टीत निघतात. काकूंची बाही दाबासकट 20 इंच रुंद, ती त्या पट्टीत मावत नाही. दोन्ही बाह्या शेजारी ठेवून स्वतंत्र कापाव्या लागतात, आणि कोपरापर्यंतच्या बाहीला साधारण 14 इंच कापड जादा जातं. तेवढ्या कापडाचे आणि टक्सच्या शिलाईचे पैसे घ्या. त्यापेक्षा जास्त मागितले तर गिऱ्हाईक विचारेल कशाचे, आणि तिचं बरोबर असेल.