एका फुटाला बारा फूट
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी म्हणाले, "बाई, सोसायटीच्या पंचवीस वर्षांतली एखादी आठवण सांगा." माझी सगळ्यात ठळक आठवण आपल्या इमारतीच्या दारातल्या तीन पायऱ्यांची आहे. तेव्हा त्यांच्याबद्दलच बोलते.

तुम्हाला ठाऊक आहे, लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझ्या डाव्या पायात कॅलिपर आहे. शाळेतली सगळी नोकरी मी काठीवर केली. पण काठीचा भार शेवटी खांद्यावर येतो. निवृत्तीनंतर उजवा खांदा दुखायला लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, घरात काठी चालेल, बाहेर चाकाची खुर्ची वापरा. खुर्ची आली आणि त्या तीन पायऱ्या मला पहिल्यांदा दिसल्या. त्याआधी सतरा वर्षं मी त्या रोज चढत-उतरत होते.

आपल्या सोसायटीनं लगेच रॅम्प करायचं ठरवलं, याचा मला अभिमान आहे. गवंडीमामा आले, म्हणाले, "बाई, दोन दिसांत करून देतो. स्कूटर चढती तसा उतार काढतो." आणि खरंच दोन दिवसांत सहा फुटांचा गुळगुळीत उतार तयार झाला. नारळ फुटला. माझा भाचा मला ढकलत वर न्यायला लागला, आणि निम्म्यावर खुर्चीची पुढची चाकं हवेत उचलली गेली. भाच्यानं मागून छातीनं खुर्ची अडवली म्हणून आज मी इथं बोलतेय. लोक म्हणाले, "अहो, पण स्कूटर तर चढते!" स्कूटरला इंजिन असतं. खुर्चीला माणसाचे हात असतात.

चूक कुणाची नव्हती, हिशेब कुणी केला नव्हता इतकंच. आमच्या तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे उंची दीड फूट. उतार सहा फूट लांब. म्हणजे चार फुटांत एक फूट चढ. अपंगांसाठीच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत उताराचं प्रमाण एकास बारा सांगितलंय. एक फूट चढायला बारा फूट लांबी. आम्हाला हवे होते अठरा फूट, केले होते सहा.

आता अठरा फूट आणायचे कुठून? दारासमोर कंपाउंडपर्यंत जागाच नऊ फूट. तेव्हा बैठक बसली. आठवत असेल तुम्हाला, ती शांततेत झाली नाही! शेवटी असं ठरलं की उतार सरळ न काढता काटकोनात वळवायचा. इमारतीच्या बाजूच्या भिंतीलगत नऊ फूट, तिथं नऊ इंच चढ. कोपऱ्यावर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा, खुर्ची वळवायला आणि दम घ्यायला. मग पुढच्या भिंतीलगत दाराकडे उरलेले नऊ फूट, नऊ इंच. दारासमोर पुन्हा पाच फुटांचा सपाट ओटा. ही शेवटची सपाट जागा लोक विसरतात. उतारावर खुर्ची उभी ठेवून दार उघडायला गेलं की खुर्ची मागं सरकते. एका हातानं दार ओढायचं की चाक धरायचं?

या वळणात दोन स्कूटरची जागा आणि मोगऱ्याचा एक वाफा गेला. ज्यांची स्कूटर हलली त्यांनी तोंड वाकडं केलं, तरी होकार दिला. त्यांचे आभार मी आज जाहीरपणे मानते.

रुंदी चार फूट ठेवली. उघड्या कडेला चार इंचांचा बांध घातला, म्हणजे चाक घसरून खाली जात नाही. फरशी न घालता सिमेंटवर खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या. आणि कठडा दोन्ही बाजूंना लावला. यावरही एकानं विचारलं, "एक बास की?" मी म्हटलं, पक्षाघातानं ज्याचा उजवा हात गेलाय त्याला वर जाताना डावीकडचा कठडा चालतो. पण खाली येताना तोच कठडा उजवीकडे येतो. मग त्यानं उतरायचं कसं?

आणि हो, जुन्या तीन पायऱ्या आपण काढल्या नाहीत, तेही बरं झालं. काठीवाल्याला लांब उतार सोपा नसतो. उतारावर घोटा वाकावा लागतो. माझ्या कॅलिपरचा घोटा वाकत नाही. कठड्याला धरून तीन बुटक्या पायऱ्या मला उतारापेक्षा बऱ्या. खुर्चीला उतार हवा, काठीला कठडा असलेली पायरी हवी. दोन्ही शेजारी-शेजारी हवं.

दाराबाहेर पडले तशी कोल्हापूरला जायची हिंमत आली. तिथं मला कळलं की एक उतार पुरत नाही, पूर्ण वाट लागते.

हयातीच्या दाखल्यासाठी मी एका बँकेत गेले. बाहेर उतार अगदी मापात होता. वर पोहोचले तर जाळीचा सरकता दरवाजा एकेक माणूस आत यावा म्हणून साखळीनं अर्धवट अडकवलेला. फट दीड फुटाची. माझी खुर्ची सव्वादोन फुटांची. साखळीची किल्ली सापडेना. मॅनेजर भले माणूस, कागद घेऊन बाहेर आले आणि मी फूटपाथवर, जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर सही केली. काम झालं. पण बँकेत उतार आहे का विचारलं तर उत्तर 'आहे' असंच येईल.

फूटपाथचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या सूचनांप्रमाणे फूटपाथची कड 15 सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा उंच नसावी, आणि चालायला 1.8 मीटर मोकळी रुंदी असावी. मी एका चौकात टेप लावला, कड अकरा इंच भरली. दुसऱ्या ठिकाणी चढायला छान उतार होता. शंभर पावलांवर फूटपाथ संपला तिथं उतारच नाही. उलट फिरून तेवढंच परत यायचं. लोक विचारतात, "बाई, फूटपाथ असताना रस्त्यावरनं कशाला येता?" म्हणून येते. जिथं उतरता येत नाही तिथं चढून काय करू?

आता रेल्वे. कोल्हापूरच्या श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर काय किंवा मिरजेला काय, दिव्यांगांचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला, गार्डच्या डब्याला जोडून असतो. म्हणजे आधी फलाटाच्या टोकापर्यंत जायचं, म्हणून मी अर्धा तास जास्त धरून निघते. दुसरी गोष्ट, फलाट उंच असला तरी डब्याची जमीन त्याहून साधारण दीड फूट वर असते. म्हणजे आमच्या दारातल्या त्या तीन पायऱ्याच की! फिरता उतार मिळतो का, हे स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात आधी विचारून ठेवायचं. नाही मिळाला तर उचलावं लागतं.

उचलण्याबद्दल दोन शब्द, कारण इथली पोरं मदतीला धावतात. खुर्चीचे हात धरून उचलू नका, पाय ठेवायच्या पट्ट्याही धरू नका. हे भाग काढता-घालता येतात, हातात सुटून येतात. पक्की लोखंडी चौकट धरा. तीव्र उतारावरून आणताना माणसाचं तोंड खाली करू नका, पुढं कोसळतो. खुर्ची पाठमोरी उतरवा, मागची मोठी चाकं आधी. आणि हात लावण्याआधी "कशी धरू?" एवढं विचारा.

आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. नसीमा हुरजूक यांनी 1984 साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून त्यांनी उचगावला 'घरौंदा' वसतिगृह केलं. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र पुष्कळांच्या घरी असेल. तिथं मी एकदा गेले होते. एका दारातून दुसऱ्या दारात, खोलीतून न्हाणीघरात, कुणालाही हाक न मारता गेले. इतक्या वर्षांत मला असं पहिल्यांदा वाटलं की पाय अधू आहे हा माझा प्रश्न कमी आणि इमारतीचा जास्त.

कायदाही आता तेच म्हणतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अडथळामुक्त नसलेल्या इमारतीच्या नकाशाला परवानगी देऊ नये असं आहे. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की ही मापं नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, ती बंधनकारक करा.

आता मुद्द्यावर येते. आपण रौप्यमहोत्सवानिमित्त नवं सभागृह बांधतोय. नकाशा नोटीस बोर्डावर लागलाय, तो मी टेप घेतल्यासारखा वाचला. दाराला दोन पायऱ्या आहेत, उतार नाही. स्वच्छतागृहाचं दार दोन फुटांचं आहे आणि आत उघडतं. माझी खुर्ची त्यात जात नाही. आणि आतलं माणूस पडलं तर त्याच दाराला अडकून पडेल, बाहेरच्याला दार ढकलताही येणार नाही. आज कागदावर दार तीन फूट आणि बाहेर उघडणारं करायला एक रेघ पुसावी लागेल. भिंत उभी राहिल्यावर छिन्नी-हातोडा लागेल. जोतं एक फूट आहे, म्हणजे बारा फूट उतार. बाजूला जागा आहे, मी पाहून आलेय.

रॅम्प झाला की स्वतः तपासा. हल्ली मोबाइलमध्ये पाणसळ असते. ती उतारावर ठेवा. पाच अंशांच्या आत असेल तर ठीक. आमचा पहिला उतार चौदा अंशांचा होता.

आपल्या उतारावरून आता गॅसचं सिलिंडर येतं, बाळाची गाडी येते, ज्यांची स्कूटर हलली होती त्यांच्या आईही कठड्याला धरून येतात. फक्त कोपऱ्यावरच्या सपाट जागेत अजून कुणीतरी मोटारसायकल लावतं. ती कुणाची हे मला माहीत आहे, नाव घेत नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी ती तेवढी काढावी, मला घरी जायचंय.